फ्लेक्सवर न मावलेला शब्द

मी हिलाल. नंदुरबारला सीए इंद्रसिंग गिरासे यांच्या ऑफिसात सव्वीस वर्षं अकाउंटंट आहे. मी स्वतः सीए नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. हे वेळेवर सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. म्हणजे माझ्याबद्दल नव्हे, माझ्या भाच्याबद्दल.

भाच्याचं नाव योगेंद्र. माझ्या थोरल्या बहिणीचा, दगूबाई अक्काचा, एकुलता एक. गाव सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठाला. दाजी सुपडू पाटील, बारमाही पाण्याची शेती, केळी, ऊस, घरात खायला-प्यायला कमी नाही. कमी होतं ते एवढंच, की त्यांच्या भाऊबंदांत एक इंजिनिअर निघाला, एक तलाठी लागला, एकाची पोरगी डॉक्टर झाली, आणि दाजींच्या घरातून काहीच निघालं नव्हतं. योगेंद्र गुणी, पण अभ्यासात मधला. लोणखेड्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला, बावन्न टक्के.

बावन्न. हा आकडा माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसलाय.

निकाल घेऊन बापलेक आमच्या ऑफिसात आले. मिरचीचा हंगाम संपला होता, पण मार्केटच्या बाजूने वारा आला की अजून ठसका लागत होता. साहेबांनी मार्कशीट हातात घेतली. माणूस मोठा सरळ. क्लायंटला न आवडणारं बोलतो, म्हणून दोन मोठे व्यापारी सोडून गेले, तरी बोलायचं थांबला नाही.

"हे बघा दाजी," साहेब म्हणाले. माझे दाजी म्हणून तेही दाजीच म्हणायचे. "कॉमर्स ग्रॅज्युएटला पंचावन्न टक्के असतील तर सीएच्या इंटरमिजिएटला थेट बसता येतं. याला बावन्न आहेत. म्हणजे बारावीच्या पोरांबरोबर बसून आधी फाऊंडेशन द्यावी लागेल. मग इंटर, दोन ग्रुप. मग दोन वर्षं माझ्यासारख्याच्या हाताखाली आर्टिकलशिप. मग फायनल. सगळं सुरळीत झालं तरी पाच वर्षं, आणि सुरळीत फार थोड्यांचं होतं."

दाजी मान हलवत होते. पाच वर्षं एवढंच ऐकलं असणार.

"दुसरं सांगतो," साहेबांनी मार्कशीटवर बोट ठेवलं. "अकाउंटला पोराला जेमतेम आहेत, पण तिन्ही वर्षं कायद्याच्या पेपरात पासष्टच्या वर. याला कंपनी सेक्रेटरी करा. सीएस. पन्नास टक्क्यांच्या वर ग्रॅज्युएट असला की प्रवेश परीक्षा माफ, थेट एक्झिक्युटिव्हला नाव घालता येतं. ते सगळं कायद्याचंच आहे. मग एकवीस महिने ट्रेनिंग, मग प्रोफेशनल परीक्षा. कंपनीच्या बोर्डाच्या मीटिंगा, ठराव, सरकारकडे भरायचे फॉर्म, ही सगळी कामं त्याची. नंदुरबारात वाव नाही, सुरतला किंवा नाशिकला जावं लागेल. पण या पोराला हेच जमेल."

योगेंद्र खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मार्कशीटमध्ये चांगलं काहीतरी शोधलं होतं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. "सेक्रेटरी? म्हंजे सोसायटीमा सुकराम बससं तसा?"

आमच्याकडे विकास सोसायटीच्या सचिवालाच सेक्रेटरी म्हणतात. खतांच्या पिशव्या मोजणारा, पीककर्जाचे अर्ज लिहिणारा सुकराम. मी समजावलं, तसा नाही दाजी, मोठ्या कंपनीचा. साहेबांनी समजावलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्हनं खरं शे. पन गावमा सीए समजस. सेक्रेटरी कोनले समजाई?"

आणि मी, सव्वीस वर्षं हेच काम बघणारा शहाणा माणूस, काय म्हणालो? म्हणालो, "होईल होईल, माझ्या नजरेखाली आहे तर सीएच करू." माझाही मामेपणाचा तोरा होताच ना! भाचा सीए झाला तर ऑफिसात माझी खुर्ची दोन इंच वर जाणार होती.

योगेंद्र एवढंच म्हणाला, "मामा, साहेब म्हणताहेत ते मला पटतंय." बापाने ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

नंदुरबारला माझ्याच घरी राहिला. दिवसा ऑफिसात रिटर्नं भरायला मदत करायचा, पहाटे उठून अभ्यास. फाऊंडेशनच्या पहिल्या खेपेला आपटला. दोन पेपर पर्यायांचे असतात, चुकलेल्या उत्तराचे पाव मार्क कापतात, आणि हा बाबा एकही प्रश्न सोडून आला नव्हता. "मोकळं सोडायला कसंतरी वाटलं," म्हणे. दुसऱ्या खेपेला शिकला, माहीत नाही तिथे हात आवरला, आणि चारशेपैकी दोनशे सहा पडले. पास व्हायला दोनशे लागतात. फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा माझ्या बायकोने शिरा केला. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

दाजींचा फोन आला. "हिलाल, बॅनर बनाडनं शे. दहा बाय आठनं. फाट्यावर लावसूत. नंदुरबारमा चांगलं छापतस, तूच करी आन."

आमच्याकडे बॅनर लागल्याशिवाय काही घडलं असं कुणी मानत नाही. पोलीस भरती असो, ग्रामपंचायतीची मेंबरकी असो, वाढदिवस असो. मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. वर योगेंद्रचा कोट घातलेला फोटो, तो कोट माझाच. खाली शुभेच्छुक म्हणून सरपंच, चेअरमन, दाजी, त्यांचे दोन भाऊ, आणि शेवटी एक फोटो माझा, मामा म्हणून. फ्लेक्सवाल्याने स्क्रीनवर मांडून दाखवलं आणि म्हणाला, "काका, 'सी.ए. फाऊंडेशन परीक्षा उत्तीर्ण' एका ओळीत मावत नाही. अक्षर बारीक करू, की खालचा एखादा फोटो काढू? ओळ दोन करायला जागा होईल."

अक्षर बारीक केलं तर रस्त्यावरून वाचता येणार नाही. फोटो काढायचा म्हटलं तर कुणाचा? सरपंचाचा काढता येत नाही, चेअरमनचा काढता येत नाही, भावांतला एक काढला तर जन्माचं वैर. राहिला माझा.

मी म्हणालो, "फाऊंडेशन काढून टाक. गावात कोणाला कळतंय? 'सी.ए. परीक्षा उत्तीर्ण' एवढंच राहू दे."

झालं. इतक्या साध्या दुकानात, चहा पितापिता. माझा फोटो राहिला आणि शब्द गेला.

बॅनर लागलं त्या दिवशी योगेंद्र गावी गेला होता. फाट्यावरूनच त्याचा फोन आला. "मामा, हे खोटं आहे. मी सीए नाही. नुसती पहिली परीक्षा झालीये."

"अरे होणारच आहेस ना! चार वर्षं आधी लागलं, एवढंच."

"मामा, उतरवायला सांगा."

"दाजी कुठे आहेत?"

तो म्हणाला, "बॅनरखाली उभे आहेत. लोकांना पेढे देताहेत."

"मग जा आणि एक पेढा खा," म्हणून मी फोन ठेवला. मला माझाच राग येतो हे आठवलं की. पोरगं मदत मागत होतं, मी त्याला पेढा दिला.

तो दिवस आणि आजचा दिवस, गावात त्याला कुणी योगेंद्र म्हटलं नाही. "काय सीएसाहेब!" पाराजवळून हाक यायची. तो सुरुवातीला थांबून सांगायचा, अजून इंटर बाकी आहे, मग ट्रेनिंग, मग फायनल. ऐकणारा म्हणायचा, "बापरे, सीए होऊन अजून शिकतोय पोरगं!" म्हणजे जितकं खरं सांगायला जाई तितका तो मोठा होई. मग त्याने गावी जाणंच कमी केलं.

त्या बॅनरने एक स्थळ आणलं. दोंडाईच्याकडचे हेमकांत पाटील, हायस्कूलमध्ये क्लार्क, शहाद्याला जाता-येता त्यांनी फाट्यावर वाचलं. मुलगी शीला, बी.एस्सी., खासगी शाळेत शिकवणारी. बघायचा कार्यक्रम दाजींच्या ओट्यावर झाला. योगेंद्रने चार माणसांत सांगितलं, "माझी इंटरची परीक्षा व्हायची आहे." हेमकांत हसून म्हणाले, "शिकणाऱ्याला शिकू द्यावं." इंटर म्हणजे सीएच्या पुढचं काहीतरी, असं ते धरून चालले. दाजींनाही तसंच वाटत असावं. खरं काय ते ओट्यावर दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला, आणि मी पोह्यांत लिंबू पिळत होतो.

मे महिन्यात साखरपुडा झाला. लग्न फेब्रुवारीत ठरलं.

मी मनाशी हिशोब मांडला होता, तोवर इंटरचा एखादा ग्रुप निघेल, मग काहीतरी सांगता येईल. पण परीक्षा माझ्या हिशोबाने चालते होय? साखरपुड्याआधीच्या जानेवारीत त्याने पहिला ग्रुप दिला होता. तीन पेपर. प्रत्येकात चाळीस पाहिजेत आणि तिन्ही मिळून दीडशे. निकाल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मीच उघडला होता. अकाउंट चाळीस, कायदा चौसष्ट, टॅक्स त्रेचाळीस. तिन्हीत पास. बेरीज एकशे सत्तेचाळीस.

तीन मार्कांनी ग्रुप गेला. मी दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटरवर केली. योगेंद्र म्हणाला, "राहू द्या मामा, बरोबर आहे." साहेब केबिनमधून बाहेर आले, कायद्याच्या चौसष्टवर नजर गेली, आणि काही न बोलता परत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

साठच्या वर पडले की त्या पेपरातून सूट मिळते. पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पुन्हा द्यावा लागत नाही, मार्क धरले जातात. म्हणजे आता अकाउंट आणि टॅक्स मिळून शहाऐंशी पाडले की झालं. मे महिन्यात अकाउंट सत्तेचाळीस, टॅक्स छत्तीस. सप्टेंबरात टॅक्स एक्कावन्न, अकाउंट अडतीस. एक भोक बुजवलं की दुसरं पडायचं. आता जानेवारी ही त्या सवलतीची शेवटची खेप होती. त्यानंतर कायदाही पुन्हा.

आणि फेब्रुवारीत लग्न. त्याला लग्नाआधी एकच गोष्ट करायची होती, सासरच्यांना खरं सांगायचं. "पास-नापास नंतर बघू मामा," तो म्हणायचा, "पण मी त्या मुलीला खोटं नाव घेऊन घरात आणणार नाही." मी म्हणायचो, "जानेवारी होऊ दे." दर वेळी जानेवारी होऊ दे.

डिसेंबरात हेमकांत स्वतःच ऑफिसात येऊन उभे राहिले. सोबत त्यांचे मोठे भाऊ आणि भावाचा मुलगा. मुलाला परदेशात शिकायला जायचं होतं, व्हिसासाठी आणि बँकेच्या कर्जासाठी बापाच्या मालमत्तेचा सीएचा दाखला हवा होता. बाहेरच्या टेबलावर योगेंद्र कुणाचं तरी जीएसटी रिटर्न भरत बसला होता. हेमकांतांनी सगळ्यांसमोर फाईल त्याच्यापुढे ठेवली.

"जावईबापू, घरचं काम आहे. दाखला करा आणि तुमची सही-शिक्का मारा. भावाला सांगितलं, बाहेर कशाला जायचं, आपले जावईच सीए आहेत."

योगेंद्र उभा राहिला. ऑफिसात पाच-सहा माणसं होती. त्याने फाईल उचलून परत हेमकांतांच्या हातात दिली, आणि स्वच्छ मराठीत, शाळेत धडा वाचावा तसं, म्हणाला, "मामंजी, मी सीए नाही. मी फाऊंडेशन पास आहे. इंटरच्या एका ग्रुपात तीनदा नापास झालोय. मला सही करायचा अधिकार नाही. मी केली तर तो गुन्हा होईल."

एवढं स्वच्छ मी आयुष्यात कधी बोललो नाही. दोन वर्षं घशात अडकलेलं त्याने एका दमात बाहेर काढलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणखी काहीच नाही, गप्प.

मी हसलो.

मोठ्याने, पाठीवर थाप मारून हसलो. म्हणालो, "पाव्हणे, काय मनावर घेता! जावई मजाक करतोय तुमची. त्याला साहेबांचं नियमाचं फार. नात्यातल्या कामावर आम्ही सही करत नाही, साहेब करतात. बसा, चहा घ्या."

हेमकांतांचा उडालेला रंग परत आला. तेही हसले, भाऊही हसले. "बघा, किती विनयाने बोलतात," असंही कुणीतरी म्हणालं. योगेंद्र माझ्याकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर मी सहन केलं असतं. तो थकल्यासारखा बघत होता. मग खाली बसला आणि रिटर्न भरायला लागला.

कागदपत्रं सगळी नीट होती. सातबारे, पासबुकं, व्हॅल्युएशन, सगळं तपासून साहेबांनी दुसऱ्या दिवशी दाखला दिला, स्वतःच्या सहीने, स्वतःच्या मेंबरशिप नंबराने. बाहेर टेबलावर मी काय बोललो ते त्यांना माहीत नव्हतं. दाखला हेमकांतांच्या हातात मी दिला. "जावयाने रात्रभर बसून बनवलाय," असंही वर जोडलं. जोडायचं काय कारण होतं? काही नाही. जीभ!

हेमकांत तो कागद घेऊन बँकेत गेले. मॅनेजरपुढे ठेवून म्हणाले, जावयाने बनवलाय, आमचे जावई सीए आहेत. मॅनेजर गिरासे साहेबांची सही ओळखत होता. म्हणाला, "सही तर साहेबांची आहे. जावयांचा मेंबरशिप नंबर काय? प्रत्येक सीएला असतो." पुतण्याने तिथेच मोबाइलवर इन्स्टिट्यूटची सभासदांची यादी उघडून नाव टाकलं. निघालं नाही. स्पेलिंग बदलून टाकलं. नाही.

हेमकांतांनी बँकेतूनच फोन लावला. "जावईबापू, तुमचा नंबर काय?"

"मला नंबर नाही, मामंजी. मी त्या दिवशी ऑफिसात सांगितलं होतं."

तीन दिवसांनी ते दाजींच्या ओट्यावर आले. चार माणसं सोबत, साखरपुड्याची अंगठी आणि साडी पिशवीत. दाजींनी मला नंदुरबारहून बोलावून घेतलं होतं. योगेंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अक्का आत चुलीजवळ. हेमकांत ओरडले नाहीत. क्लार्क माणूस, हळू बोलले, तेच जास्त लागलं.

"सुपडूभाऊ, पोरगा नापास झाला म्हणून आम्ही आलो नाही. नापास माणसं असतात. मीही मॅट्रिकला एकदा नापास झालो होतो. पण तुम्ही फाट्यावर दहा फुटांचं खोटं लावलंत."

दाजींना काही समजेना. ते एकदा पोराकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "हिलाल, सांग ना रे यास्ले. पोऱ्या पास व्हयना ना? तूच सांगं व्हतं."

इथे तरी तोंड उघडायचं होतं. शब्द मी काढला, हसलो मी, एवढं दोन ओळींत सांगून झालं असतं. मी काय बोललो सांगू? म्हणालो, "फ्लेक्सवाल्याकडून चूक झाली." म्हणालो, "पोरानेही जरा स्पष्ट सांगायला पाहिजे होतं."

योगेंद्रने चौकट सोडली. मला वाटलं, आता फाडतो मला सगळ्यांसमोर. तो ओट्यावर आला, पिशवी घेतली, आत ठेवली, आणि हेमकांतांना हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे. शीलाला सांगा, मी फसवायला निघालो नव्हतो." एवढं बोलून मळ्याकडे निघून गेला.

पाहुणे गेल्यावर अक्का बाहेर आली. मला वाटलं बोलेल. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, भावाला ठेवतात तसा, आणि आत गेली.

गावात मग व्हायचं ते झालं. "काय सीएसाहेब!" हाक तीच, पण आता मागून खिदळणं. दाजींनी सोसायटीच्या मीटिंगला जाणं सोडलं. कुणीतरी बॅनर उतरवलं होतं, ते मी त्यांच्या खळ्यात बघितलं, चाऱ्यावर पांघरलेलं, छापलेली बाजू खाली करून.

दहा दिवसांवर परीक्षा होती. योगेंद्र माझ्या घरी परत आला, आपली पुस्तकं उचलली, आणि स्टेशनजवळ खोली घेऊन राहिला. जाताना मी म्हणालो, "मन लावून दे, सूट आहे कायद्याची."

तो दारात थांबला. "मामा, तुम्ही त्या दिवशी हसला नसतात तर अर्धं गाव हसलं असतं, बास. चार दिवस. मी सोसलं असतं. शीलाला मी खरा वाटलो असतो." मग म्हणाला, "साहेबांनी सांगितलं तेव्हा सीएसला गेलो असतो तर आज ट्रेनिंगला सुरतला असतो. तेव्हाही तुम्ही तिथेच होता."

मला राग आला, खरं सांगतो. तोंडावर खरं ऐकलं की मला आधी रागच येतो. "जा बाबा, जा," म्हणालो. तो गेला तेव्हा राग कुठल्या कुठे पळाला, आणि मी बायकोसमोर रडलो.

धुळ्याला एकटाच जाऊन दोन पेपर देऊन आला. ऑफिसात परत रुजू झाला, माझ्याशी कामापुरतं बोलायचा. हिलालकाका, ते चलन द्या. मामाचा काका झालो होतो.

मार्चमध्ये निकाल लागला. त्याने स्वतः उघडला नाही. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून रोल नंबराची चिठ्ठी ठेवली आणि बाहेर पाणी प्यायला गेला. मी नंबर टाकला. अकाउंट बेचाळीस. कायदा चौसष्ट, जुनाच. टॅक्स शेहेचाळीस. एकशे बावन्न.

ग्रुप निघाला होता.

मी ओरडलो. साहेब धावत बाहेर आले, योगेंद्र आत आला. त्याने स्क्रीन बघितली, हाताने बेरीज केली, आणि खुर्चीत बसून राहिला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरा ग्रुप द्यायचा की सीएसला जायचं, आता तू ठरव. कुणाचं ऐकू नको," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मला कळलं.

मी निकालाची प्रिंट काढली, मोटारसायकल काढली, आणि तसाच गावी निघालो. आज सगळं सांगायचं ठरवलं होतं, बॅनरचं, हसण्याचं, ओट्यावरचं. दाजी मळ्यात केळीला पाणी देत होते. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं. फोटो माझा राहिला म्हणून शब्द गेला. पोरगं खरं बोललं आणि मी हसून खोटं पाडलं. काहीही आडपडदा ठेवला नाही. मग प्रिंट पुढे केली. "दाजी, पण आता तो खरंच पास झाला. एक ग्रुप निघाला. तीन मार्कांनी गेला होता, या खेपेला दोन मार्क जास्त पाडले."

दाजींनी ओले हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. अक्षर इंग्रजी, त्यांना वाचता येत नव्हतं. आकड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, मला शिवी देतील, निदान कागद फाडतील. मी त्याला तयार होतो.

"हाई खरं शे?" त्यांनी विचारलं.

"आईची शपथ, दाजी."

त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात सारली. मग फावडं उचललं आणि आवाज खाली घेऊन, कुणी ऐकेल म्हणून इकडेतिकडे बघून म्हणाले,

"कोनलेच सांगू नको, हिलाल. पोऱ्याले आते तरी सुखमा जगू दे."